बंद असावा

त्या शुक्रवारी भिमाजी ओव्हाळ पहिली शिफ्ट करून पाचच्या सुमाराला दापोडीच्या घरी आले. हातपाय धुतले आणि चहात खारी बुडवत लेकीला म्हणाले, "तुझा जपानी माणूस अजून बोलतोच आहे का गं?"

नेहा चाकणच्या एका कंपनीत जपानी दुभाषी होती. घरीही जपानी संभाषणं ऐकायला तिच्या कानात हेडफोन असायचे.

"बोलतात कमी, बाबा. क्रियापद शेवटी येतं, तोवर वाट बघायची."

"मग आपल्यासारखेच की. दूध आणतो, आलोच," म्हणून ते चपला घालून बाहेर पडले.

मराठीत अजून न झालेलं येणंही झाल्यासारखं सांगता येतं. जपानीत तेच 'जाऊन येतो' असं सांगतात. खालून आरडाओरडा ऐकू आला तेव्हा नेहा नेमकं हेच कागदावर लिहीत होती. भिमाजी जिन्याच्या पायरीवर बसले होते. हृदय थांबलं होतं.

तिकडे भिमाजींच्या कंपनीत त्याच दिवशी, दुसऱ्या शिफ्टला, त्यांच्या तेलाच्या दाबावर चालणाऱ्या प्रेसवर प्रितम नावाच्या फिटरनं गळणारा जॉइंट खोलला. मेन व्हॉल्व्ह उघडाच होता, पाइपात दाब होता. गरम तेलानं त्याचा हात कोपरापर्यंत भाजला.

बाराव्या दिवशी कंपनीनं घरच्यांना बोलावलं. नेहा एकटीच गेली. खोलीत शिफ्ट इंजिनिअर धनेश होता आणि जपानहून आलेले सुरक्षाप्रमुख हिरोसे. टेबलावर भिमाजींचं रजिस्टर उघडं होतं. शेवटची नोंद अशी: 'जॉइंटमधून तेल झिरपते. मेन व्हॉल्व्ह बंद असावा.'

"काकांबद्दल आदरच आहे," धनेश म्हणाला. "पण बघा ना. न बघता अंदाजानं लिहून गेले, नि प्रितमनं त्यावर विश्वास ठेवला. रिपोर्टमध्ये तेवढं येणार."

नेहानं जपानी रिपोर्ट वाचला. मोबाइलवरून भाषांतर केलं होतं. तिथं लिहिलं होतं 'शिमात्ते इरु हाझु देसु', म्हणजे बंद असणार, असा लिहिणाऱ्याचा होरा. तेवढ्या चार शब्दांत तिचे बाबा बेफिकीर ठरले होते. एकतीस वर्षांची नोकरी, आणि शेवटी हे.

"हे भाषांतर चूक आहे."

"मॅडम, आता व्याकरणाचा तास घेता का? 'पाहुणे आले असावेत' म्हणजे अंदाजच ना?"

"हो. आणि पत्राच्या शेवटी 'लोभ असावा' लिहितात, तेव्हा लोभ आहे की नाही याचा अंदाज बांधतात का, राव?"

धनेशनं रजिस्टरवर वाकून ती ओळ पुन्हा वाचली.

"'असावा' दोन्हीकडे झुकतो. म्हणून प्रितमनं वाचलं तेही खोटं नाही. पण लिहिणारा कोणत्या अर्थानं लिहायचा ते इथं दिसतं." तिनं रजिस्टर मागे उलटायला सुरुवात केली. 'गार्ड लावलेला असावा.' 'हातमोजे घातलेले असावेत.' प्रत्येक ठिकाणी ती सूचना होती. अंदाज असला की भिमाजी वेगळं लिहीत: 'फिल्टर बदलला असेल, मी पाहिला नाही.' डोळ्यांनी पाहिलेलं तिसऱ्याच तऱ्हेनं: 'पंप चालू आहे. पाहिला.' तिला ही रीत चौतीस पानांत एकदाही मोडलेली सापडली नाही.

आठवी शिकलेला माणूस. लहानपणी ती "उद्या सुट्टी आहे" म्हणत घरात शिरली की ते विचारायचे, "आहे, की असेल? नोटीस वाचलीस, का कुणी सांगितलं?" तेव्हा तिला त्या प्रश्नाचा राग यायचा.

नेहानं हिरोसेंना जपानीत सगळं समजावलं, आणि मूळ वाक्याखाली पेन्सिलीनं लिहिलं, 'शिमेते ओकु कोतो'. बंद करून ठेवणे. तुमच्या भिंतीवरच्या पाट्यांवर जशी आज्ञा असते, तशी. बाबांनी धोका ओळखला होता आणि पुढच्याला बजावलं होतं.

हिरोसेंनी एकेक पान स्वतः उलटून पाहिलं. धनेशला 'पाहिला' हा शब्द बोटानं दाखवायला लावला, प्रत्येक ठिकाणी. मग रिपोर्टमधलं ते वाक्य खोडलं, नेहाचं वाक्य वर घातलं आणि शेजारी सही केली.

"आणि यापुढे," ते म्हणाले, "रजिस्टरमध्ये सूचना, अंदाज आणि पाहिलेलं असे तीन वेगळे रकाने ठेवा."

नेहानं ते मराठीत सांगितलं.

"काकांनी आधीच ठेवले होते की," धनेश हळूच म्हणाला. "आम्हालाच वाचता आले नाहीत."

निघताना हिरोसेंनी विचारलं, "मराठीतला इतका बारीक फरक तुम्ही कुठं शिकलात?"

हा प्रश्न तिला प्रत्येक मुलाखतीत कुठल्या ना कुठल्या रूपात आला होता. ती कॉलेजचं नाव सांगायची. वडील काय करतात विचारलं तर "चाकणला कंपनीत आहेत", एवढंच. कुठं, कशावर, ते कधीच नाही.

"माझे वडील त्याच प्रेसवर ऑपरेटर होते," ती जपानीत म्हणाली. मग धनेशलाही कळावं म्हणून मराठीत म्हणाली, "भाषा मला बाबांनी शिकवली. पदव्या नंतरच्या."