निघून जा, आमचं लक्ष आहे

"विनू, लगेच ये. दार लावून बसलेय मी."

रमाआत्याचा आवाज इतका खाली होता की विनिताने फोन कानाशी घट्ट दाबला.

"काय झालं आत्या?"

"धमकी आलीय. बिल्डिंगच्या ग्रुपवर. बंद दाराचा फोटो आहे, अगदी आपल्यासारखं दार. वर लिहिलंय, निघून जा, आमचं लक्ष आहे."

ती ओळ विनितानेच लिहिली होती.

कल्याणची ती जुनी इमारत पाडून नवी बांधायची बोलणी चालली होती. आत्या आणि तळमजल्यावरच्या हौसाबाई, दोघी एकट्या राहणाऱ्या, अजून सही करत नव्हत्या. जिन्यात अनोळखी माणसं दिसली तरी दोघी कड्या लावत.

विनिता ठाण्याच्या एका जाहिरात कंपनीत इंग्रजी ओळी मराठीत आणायचं काम करत होती. ही जाहिरात घरात बसवायच्या कॅमेऱ्याची होती. मूळ ओळ होती, 'गो अवे. वी आर वॉचिंग.' खुशाल सुट्टीला जा, घरावर आमची नजर आहे, असा तिचा अर्थ, आणि लटक्या दटावणीत तिची गंमत. विनिताने दटावणी उचलली. तिचा लटकेपणा मराठीत आलाच नाही. कॅमेरा कंपनीची पायल बंगळूरची, तिला मराठी येत नव्हतं. म्हणून मराठी ओळीचं पुन्हा इंग्रजी करून तिला पाठवायचं, अशी पद्धत होती. ते मूळ ओळीशी तंतोतंत जुळलं, पायल खूश झाली आणि सकाळी पोस्ट गेली. कुणीतरी त्या पोस्टचा फोटो काढून ग्रुपवर टाकला. त्यात खालचं कंपनीचं नाव कापलं गेलं होतं.

"आत्या, ती जाहिरात आहे. मीच..."

"तुला काय माहीत? बिल्डरची माणसं कशी असतात ते मला विचार." फोन बंद झाला.

विनिता संदेशकडे गेली. तो तिचा साहेब.

"पोस्ट काढ रे. लोक घाबरतायत."

"अगं, कोण घाबरतंय? कमेंटमध्ये हसतायत सगळे."

"हसणारे कमेंट करतात, संदेश. घाबरलेले दार लावून बसतात."

त्याने पोस्ट उघडली. "अक्षरं चित्रातच आहेत, बदलता येणार नाहीत. पोस्ट उडवून नवी टाकावी लागेल. पायलचा होकार आण. आणि संध्याकाळी आपण हीच पोस्ट पैसे लावून चालवतोय. कल्याण-डोंबिवली, वय पन्नासच्या पुढे."

विनिताच्या डोळ्यांसमोर कितीतरी बंद दारं आली. कल्याणच्या वाटेवर टॅक्सीत बसून ती ओळी लिहीत होती, खोडत होती. 'जा' हा शब्दच नको. आपल्याकडे बाहेर पडणाऱ्या माणसाला कुणी नुसतं जा म्हणत नाही. जाऊन ये म्हणतात, म्हणजे परतीचं बोलणं आधीच झालेलं असतं. मग गंमत कुठे ठेवायची? ती दुसऱ्या वाक्यात गेली तर चालेल.

तिने पायलला फोन लावला आणि नवी ओळ समजावली: 'खुशाल जाऊन या. आम्ही बसलोय डोळ्यांत तेल घालून.'

"तेल? कॅमेऱ्यात?" पायलने इंग्रजीत विचारलं.

"राखण करणाऱ्याने झोपायचं नाही, म्हणून आम्ही तसं म्हणतो. कॅमेऱ्याशेजारी तेलाची बुधली काढू. लोक हसतील."

"पण दटावणी गेली की."

"इंग्रजीत ती लटकी वाटते. इथे माझी आत्या दार उघडत नाहीये."

"जुनी काढा," पायल म्हणाली. विनिताने लगेच संदेशला तसं कळवलं.

इमारतीत शिरताना विनिताचं लक्ष तळमजल्याकडे गेलं. हौसाबाईंच्या दाराला कुलूप होतं. ती धावत वर गेली.

"आत्या, मी विनू. एकटीच आहे."

आतून कडी निघायला वेळ लागला. दाराच्या फटीतून आत्या आधी जिना बघत राहिली, मग तिने भाचीला आत ओढलं आणि पुन्हा कडी लावली. विनिताने पूर्ण जाहिरात दाखवली, कंपनीचं नाव दाखवलं, मग नवी ओळ वाचून दाखवली.

"डोळ्यांत तेल," आत्या म्हणाली. ओठ जरासे हलले. "हे माणसाचं बोलणं आहे. पण हौसा गेली गं. फोटो बघितला आणि पिशवी भरून लेकीकडे आंबिवलीला गेली. म्हणाली, करून टाकते सही."

आत्याच्याच फोनवरून विनिताने हौसाबाईंचा नंबर लावला.

"रमा?" हौसाबाईंचा आवाज थरथरत होता.

"मी विनिता, त्यांची भाची. काकू, सही करू नका. ती धमकी नव्हती. कॅमेऱ्याची जाहिरात होती."

"कुणी सांगितलं तुला?"

"मीच लिहिली ती."



"मघाशी बारकी नात विचारत होती, आजी, तू आता इथेच राहणार का," हौसाबाई म्हणाल्या. "काय सांगू मी तिला?"

"सांगा, आजी घरी जातेय," विनिता म्हणाली.

"तू लिहिलंस ना," हौसाबाई म्हणाल्या, "मग तूच मला न्यायला ये. एकटीने त्या जिन्यात पाय टाकायची नाही मी."

विनिताने चप्पल घातली. आत्या कडी काढून दारात उभी राहिली.