पायऱ्या नसलेलं उत्तर

त्र्याहत्तर साली मी कडेगावच्या हायस्कूलमध्ये अकरावीला गणित शिकवत होते. अंजनाचा तो पेपर मला अजून ओळ न ओळ आठवतो.

अंजना आटपाडीकडची. वडील हरिबा मेंढरं घेऊन फिरायचे, म्हणून पोरगी आत्याकडे, सुलाबाईकडे राहून शिकत होती. वर्गात बोलायची कमी. सहामाहीत मी गणित घातलं होतं: x म्हणजे साइन थीटा अधिक कॉस थीटा, y म्हणजे त्या दोघांचा गुणाकार; थीटाचं निरसन करा, म्हणजे थीटा घालवून नुसतं x आणि y चं समीकरण काढा. चार मार्क. अंजनाच्या पेपरात एकच ओळ होती, x² = 1 + 2y. वर काही नाही, खाली काही नाही.

उत्तर बरोबर. पण आलं कुठून? सुपरव्हिजनच्या मास्तरांनी सांगितलं की पोरीचा डावा तळवा शाईनं निळा होता, आणि पेपर देताच ती हौदावर हात धुवायला पळाली. तिच्या बाजूच्या रांगेत मानसिंग बसला होता. त्याच्या पेपरात तेच उत्तर, वर पायऱ्याही. हेडसरांना तेवढं पुरलं. शाळेचा नियम होता, नक्कल करताना सापडेल त्याचा मॅट्रिकचा फॉर्म जाणार नाही. फॉर्म गेला नाही तर हरिबा तिला परत नेणार आणि उन्हाळ्यात लग्न उरकणार, हे सुलाबाईंनी मला आधीच सांगून ठेवलं होतं.

खरं सांगते, माझाही संशय तिच्यावरच होता. गप्प पोरींचा मला तेव्हा संशयच यायचा.

मधल्या सुट्टीत मी तिला हेडसरांच्या खोलीत बोलावलं आणि तळव्यावर काय लिहिलं होतंस, असं विचारलं.

"कच्चं काम, बाई."

"कागदावर करायला काय झालं होतं?"

"तुमीच म्हनला हुता, पेपरात कच्चं काम दिसलं तर मार्क कापीन."

म्हटलं होतं खरं. हेडसर माझ्याकडे बघायला लागले. मी खडू तिच्या हातात दिला आणि तेच काम तिथल्या सूचनांच्या फळ्यावर करायला सांगितलं. मला वाटलं होतं, x चा वर्ग करील. तिनं वर्गाचं सूत्र काढलंच नाही. साइन-कॉसच्या किमतींचं कोष्टक मी पोरांकडून रोज म्हणून घ्यायचे, त्यातले कोन तिनं मांडले. शून्य अंशाला x एक, y शून्य. पंचेचाळीसला x म्हणजे वर्गमूळ दोन, y अर्धा. म्हणजे y अर्ध्यानं वाढला की x चा वर्ग एकानं वाढतो. खाली लिहिलं, x² = 1 + 2y.

"हा तर ताळा झाला," मी म्हणाले. "आधी उत्तर, मग ताळा. तू ताळ्यावरून उत्तर काढलंस?"

"व्हय."

हेडसर हसले. उत्तर ठाऊक असलं की असले ताळे कुणीही जमवील, म्हणाले. मलाही तसंच वाटत होतं. मी फळ्यावर तिच्या ओळीशेजारी x² = 1 + 4y² लिहिलं. अर्ध्याचा वर्ग पाव, पाव चोक एक; म्हणजे हेही शून्याला बसतं आणि पंचेचाळीसलाही. मग हे का नाही लिहिलंस?

तिनं जरा रागानं माझ्याकडे पाहिलं.

"आवं बाई, म्हनून तर तीस घेतलं हुतं. तळव्यावर त्येच मावंना."

आणि तिनं लिहिलं. तीस अंशाला x म्हणजे एक अधिक वर्गमूळ तीन, भागिले दोन. त्याचा वर्ग, एक अधिक वर्गमूळ तीनचा अर्धा. y वर्गमूळ तीनचा पाव, त्याची दुप्पट वर्गमूळ तीनचा अर्धा. जुळलं. मग माझ्या ओळीत तीच किंमत घातली. उजवीकडे पावणेदोन आले. x चा वर्ग तर पावणेदोनच्या पुढं जात होता. तिनं माझी ओळ बोटानं पुसून टाकली.

नक्कल करणाऱ्याला तीस अंशाची गरज पडत नाही. मी मानसिंगचा पेपर पुन्हा काढला. आधी घाईत नजरेतून सुटलं होतं. त्यानं कंसाचा वर्ग करताना मधल्या गुणाकाराची दुप्पट केली नव्हती; त्याच्या पायऱ्यांतून x² = 1 + y एवढंच निघत होतं. आणि शेवटच्या ओळीत अचानक 1 + 2y. ते दोन आले कुठून, हे मी हेडसरांना विचारलं.

मानसिंगचे वडील शाळेच्या कमिटीवर. हेडसरांनी त्याचा पेपर ड्रॉवरमध्ये ठेवला आणि किल्ली फिरवली. अंजनाचा फॉर्म काढून त्यावर सही केली. आम्हा दोघींपैकी कुणाकडेही न बघता म्हणाले, "बाहेर बोलू नका."

ती दारात थांबली. "मार्क किती, बाई?"

मी म्हणाले, एक. तीन कोनांना बसलं म्हणून सगळ्यांना बसेलच असं नाही. वर्ग केला असता तर साइन वर्ग अधिक कॉस वर्ग एक होतात, राहते गुणाकाराची दुप्पट. एका ओळीत सगळे कोन आले.

ती परत आत आली, खडू उचलला आणि कंस काढून वर्ग करायला लागली. तास सुरू झाल्याची घंटा झाली तरी मी तिला थांबवलं नाही.