शेतात हिंडवून आणलेला फोन

स्वरदाची नोकरी पक्की व्हायची होती ती एका पानावर. शेतीचा सल्ला देणारं एआय अ‍ॅप पहिल्यांदाच वापरणाऱ्यांना जाहिरातीतल्या शब्दांचे सोपे अर्थ सांगायचे होते. ‘मल्टिमोडल : लिहा, बोला किंवा फोटो द्या, सगळं चालतं.’ ‘इमेज इनपुट : अ‍ॅपला फोटो देता येतो.’ ‘व्हिजन : अ‍ॅप बघू शकतं.’ या शेवटच्या ओळीवर स्वरदा भलतीच खूश होती. तिचे साहेब इंद्रजितही म्हणाले होते, “याला म्हणतात सोपं!” पान संध्याकाळी लोकांसमोर जाणार होतं.

स्वरदा भरे गावात चंद्राबाईंच्या घरी भाड्याने राहायची. दुपारी तिने त्यांना पान वाचायला दिलं आणि त्यांच्या फोनवर अ‍ॅपही घालून दिलं. वाचून बाई फोन घेऊन तडक भाताच्या खाचराकडे गेल्या. परतल्या त्या नवऱ्याला हाका मारतच.

“अवो, पिरंगुटला जावा. युरिया आना. भात पिवळा पडलाय त्याला त्योच लागतोय!”

गेणबांनी पायात चपला सरकवल्या. स्वरदाने सहज फोन पाहिला. त्यात बाईंनी बोलून विचारलेला एकच प्रश्न होता : भात पिवळा पडलाय, काय घालू? उत्तर आलं होतं, बहुधा नत्र कमी पडलं असेल, युरिया देऊन बघा, फोटो पाठवलात तर नीट सांगता येईल.

“मावशी, फोटो कुठंय?”

“फोटू कशाला? त्याला दिसतंय असं तूच लिवलंस न्हवं? बांधाबांधानं हिंडवलं की! जनावराचा डाक्टर आला की गोठ्यात नेतोच का न्हाई आपन?”

स्वरदा दाराकडे धावली. “काका, थांबा!”

तिघं खाचरावर गेले. पानांवर मधे राखाडी, कडेला तपकिरी असे लांबट डाग होते. स्वरदाने जवळून फोटो काढून अ‍ॅपला पाठवला. आता उत्तर वेगळं आलं : डाग करप्याचे वाटतात, युरिया घालू नका, त्याने रोग बळावतो, कृषी सहायकांना दाखवून खात्री करा. गेणबा तिथूनच कृषी सहायकांकडे निघाले.

घरी येऊन तिने ओळ बदलली : ‘व्हिजन : तुम्ही फोटो पाठवलात तर अ‍ॅप त्या फोटोत काय आहे ते ओळखू शकतं, पण चुकूही शकतं. फोन नुसता शेतात फिरवून त्याला काही दिसत नाही.’

बदललेलं पान पाठवताच इंद्रजितचा फोन आला. तिने स्पीकर लावला. चंद्राबाई शेजारीच लसूण सोलत बसल्या होत्या.

“शेवटचं वाक्य काढ. अ‍ॅपची शोभा होईल. आणि फोन शेतात हिंडवण्याइतकं येडं कोण असतं गं?” साहेब खो खो हसले.

चंद्राबाईंचे हात थांबले. स्वरदाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या बिचाऱ्या तिच्याच शब्दावर विसंबून उन्हात हिंडल्या होत्या.

“मी, सर,” ती म्हणाली. “मी हिंडवला. वाक्य राहू द्या.”