फेसाची बाटली

मनिषाने वसतिगृहातल्या पोरींना रोज एक बादली पाणी कबूल केलं होतं, पण बापाच्या ऐपतीवर नव्हे. बाप शहादेव आणि आई रुक्मिणीबाई दिवाळी होताच ऊस तोडायला गेले, ते आता उन्हाळ्याच्या तोंडावर येणार. तिने कबूल केलं ते एका आडव्या कापलेल्या प्लास्टिकच्या पिंपाच्या जोरावर.

नांदूरघाट गावाच्या अलीकडे माळावर मुलींचं वसतिगृह होतं. चाळीस मुली, सगळ्या तोडकऱ्यांच्या. दोन दिवसांआड टँकर यायचा आणि प्रत्येकीला दिवसाआड एक बादली मिळायची. त्यातच अंघोळ, त्यातच कपडे. संडासाला लागायचं तेही टँकरचंच. मनिषा नववीत होती. तिने विज्ञानाच्या भागवत सरांच्या मदतीने मोरीच्या मागे पिंप मांडलं. तळाला मोठे दगड, वर खडी, वर जाडी वाळू, त्यात ओढ्यावरून आणलेली कर्दळ. मोरीचं पाणी आधी एका बादलीत निवळायचं, मग पिंपाच्या एका टोकाने आत जायचं, खडीतून दोन दिवस सरकत दुसऱ्या टोकाच्या तोटीने बाहेर पडायचं.

"हे पाणी संडासाला वापरलं," ती पोरींना सांगायची, "तर टँकरचं सगळं अंघोळीला उरंल. रोज एक बादली. मोठा हौद बांधला की झालं."

"तुझ्या तोंडात साखर पडो," दिपाली म्हणायची. दिपालीची खाट तिच्या शेजारी होती. "न्हाई उरलं तर तुलाच त्या पिंपात बुचकळीन बघ."

तपासण्या दोन होत्या. पहिली गाळाची. लिटरभर पाणी गाळण-कागदातून गाळायचं, कागद वाळवायचा आणि सोनाराच्या काट्यावर तोलायचा. कोऱ्या कागदाचं वजन वजा केलं की पाण्यात तरंगणारा गाळ उरतो. मोरीच्या पाण्यात तो तीनशे मिलिग्रॅम निघाला, तोटीच्या पाण्यात चाळीस. दुसरी साबणाची. अर्धी बाटली पाणी, तीस वेळा जोराने हलवायची, एक मिनिट थांबायचं आणि फेसावर पट्टी धरायची. मोरीच्या पाण्याला सहा सेंटीमीटर. तोटीच्या पाण्याला साडेतीन.

"साबण नुसत्या खडीनं अडत न्हाई," सर म्हणाले. "दगडांवर बुळबुळ धरली पायजे. त्यातले जिवाणू साबण खातेत. महिना-दीड महिना लागंल."

महिना नव्हता. संस्थेचे अध्यक्ष सुंदरराव, सगळ्यांचे आबा, मंगळवारी येणार होते. त्यांना मॉडेल पटलं तर मोठा हौद होणार होता, आणि मॉडेल बीडला जिल्ह्याच्या प्रदर्शनाला जाणार होतं.

मंगळवारी सकाळी सरांनी टेबल लावलं. गढूळ पाण्याचा ग्लास, स्वच्छ पाण्याचा ग्लास, गाळाचे दोन कागद, एक काळा आणि एक पांढरट. मग मनिषाच्या हातातल्या बाटलीकडे बघून ते म्हणाले, "फेसाची बाटली आत ठेव."

"पण सर, साबण अजून..."

"संडासालाच वापरायचंय ना? मग साबणाचं काय घेऊन बसलीस? आबांना एकदा फेस दिसला की हौद गेला."

तिने बाटली कपाटात ठेवली. रोजच्या बादलीसाठी एवढं तर चालेल, असं तिला वाटलं.

सुंदररावांनी स्वच्छ पाण्याचा ग्लास उजेडात धरला. बराच वेळ धरला.

"हे त्या मोरीतलंच?"

"व्हय आबा," सर म्हणाले.

"आरं, हे तर टँकरपेक्षा साफ हाय!" ते हसले आणि वसतिगृह सांभाळणाऱ्या तुळजाबाईंकडे वळले. "मग टँकर कावून लागतोय दोन दिवसाला? पोरींनी ह्यातच अंघोळी करायच्या. प्यायला अन् सैपाकाला तेवढं टँकरचं ठेवा. बाकीचा टँकर मळ्यात धाडा, आमची मोसंबी मरायलीय तिकडं."

मनिषा पुढे झाली. "आबा, हे अंगाला न्हाई. ह्याच्यात..."

भागवत सरांनी तिच्याकडे पाहिलं. तिने तोंड मिटलं.

"हुशार हाय पोरगी," सुंदरराव म्हणाले.

आठ दिवसांत हौद झाला. पण तो चाळीस जणींच्या पाण्याच्या मानाने फारच लहान होता. जिथे पाणी दोन दिवस थांबायला हवं, तिथे ते अर्धाच दिवस थांबायचं. तरी गाळ अडत होता. पाणी काचेसारखं दिसायचं. तेच अंगावर घ्यायचं, तेच मोरीत, तेच हौदात आणि पुन्हा बादलीत. साबण मात्र फेरीगणिक वाढत गेला. मनिषा रोज बाटली हलवायची. पाच. सात. नऊ. बारा दिवसांनी फेस बाटलीच्या तोंडाशी आला आणि कर्दळीची पानं कडेने जळायला लागली.

पोरींचे केस चिकट झाले. मांड्यांना, काखेत खाज सुटली. लहानग्या रात्री खाजवून रक्त काढायच्या. मनिषाशी कोणी बोलेना. एका सकाळी ती मोरीत गेली तेव्हा चौघी जणी वाटच बघत होत्या. दोघींनी तिचे हात धरले. दिपालीने हौदातली बादली तिच्या डोक्यावरून सावकाश ओतली.

"डोळे उघड. उघड की! तुझंच पाणी हाय."

डोळे चुरचुरले. ती ओरडली नाही. दुसरी बादली ओतली तेव्हाही नाही.

पुढच्या सोमवारी सुंदरराव हौद बघायला चार पाहुणे घेऊन आले. भागवत सर नको नको म्हणत असताना मनिषाने बाटली आणली, हौदाच्या तोटीखाली अर्धी भरली आणि सगळ्यांसमोर तीस वेळा हलवली. फेस बुचातून उतून तिच्या मनगटावर आला.

"आबा, पाणी साफ दिसतंय, पण साबण जात न्हाई. पोरींच्या अंगाला आग हुतीय. ही बाटली मी पहिल्यांदा लपवली हुती. माझी चूक हाय."

सुंदररावांनी बाटली घेतली आणि फेसावर बोट फिरवलं. त्यांना राग आला नव्हता. तेच वाईट होतं.

"म्हणजे गुन्हेगार साबण हाय," ते म्हणाले. "पाण्याचा काय दोष? तुळजाबाई, आजपासून साबण बंद. अंगाचा, कपड्याचा, सोडा, शाम्पू, समदं जमा करा." मग मनिषाच्या पाठीवर थाप मारली. "हिनंच शोधलंय, तर हीच गोळा करील. कोन कुठं लपवतंय, तिला बरूबर ठावं असंल."

तिला ठाऊक होतं. कोणाचा साबण उशीच्या अभ्र्यात, कोणाचा पुस्तकांमागे. ती गोणपाट घेऊन खाटेखाटेपाशी गेली आणि तुळजाबाई दारात उभ्या राहिल्या. कोणी आणून दिला, कोणी फेकून मारला. संस्कृती पाचवीत होती. तिच्या आईने कारखान्यावरून धाडलेली गुलाबी वडी तिने दोन्ही मुठीत धरली होती. तिची बोटं मनिषाला एकेक करून उघडावी लागली.

दिपालीने आपला तुकडा स्वतःहून गोणपाटात टाकला. "बीडला जा आता," ती म्हणाली. "लई मोठी हो."

शेवटी मनिषाने स्वतःची वडी टाकली. कोणी बघितलं नाही.

आटलेल्या पाण्याच्या जागी टँकरचं थोडंथोडं नवं पाणी हौदात पडत राहिलं आणि फेस उतरत गेला. चार. दोन. तीन आठवड्यांनी अर्धा सेंटीमीटर. पोरी वाळूने अंग घासायच्या; खाज आता मळाची होती. भागवत सरांनी तो आकडा प्रदर्शनाच्या तक्त्यावर लाल शाईने लिहायला लावला.

बीडच्या प्रदर्शनात परीक्षक बाई तक्त्यापुढे थांबल्या. "गाळ कमी होतो हे समजलं. पण साबण इतका कमी? हे कशानं झालं गं, बाळ?"

भागवत सर तिच्या मागेच उभे होते. मनिषाने बाटली उचलली, तीस वेळा हलवली आणि पट्टी धरली. अर्धा सेंटीमीटर.

"कर्दळीनं, बाई," ती म्हणाली.

बाईंनी तिच्या नखांतला मळ बघितला, कौतुकाने हसल्या आणि कागदावर गुण मांडले.