बावन्नाचा दम

दवाखान्याच्या छातीच्या विभागात सोमवारी मिलचे कार्डिंगवाले, म्हणजे कापूस पिंजण्याच्या खात्यातले कामगार, यायचे. टेक्निशियन नबीसाब त्यांना यंत्राच्या नळीत फुंकायला लावायचा आणि आकडे तक्त्यात भरायचा. ‘सोडा, सोडा, अजून सोडा’ म्हणता म्हणता दुपारपर्यंत त्याचाच घसा बसायचा.

रुद्रप्पा तीनदा फुंकून बाकावर टेकला. त्याला कार्डिंगच्या धुळीतून कापडाच्या घडी खात्यात बदली हवी होती. मिलचा नियम असा, की पहिल्या सेकंदात सुटणारी हवा अपेक्षेच्या ऐंशी टक्क्यांखाली असली तरच बदली. ऐंशीच्या वरचा माणूस धडधाकट, मग तो जिने चढताना कठड्याला लटकेना का.

तिन्हीतली चांगली फुंक धरली. उंची मोजली, वय मिलच्या कार्डावरचं, बावन्न. एकूण हवा ३.३० लिटर, अपेक्षित ३.५५, म्हणजे ९३ टक्के. पहिल्या सेकंदाची २.१५, अपेक्षित २.६५. ८१ टक्के.

“थोडक्यात राहिलास की रे,” नबीसाब म्हणाला.

“चौतीस वर्सं धूळ गिळली नबीभाई. अजून किती गिळू?”

“अठराव्या वर्षीच लागलास?”

“अठरा कुटलं. तेरा. भरती करणाऱ्या जॉबरनं अठरा लिवलं. एका सकाळी पाच वर्सांनी थोरला झालो, मिशीबी न्हवती.”

नबीसाबनं पेन खाली ठेवलं, परत उचललं. तेरा आणि चौतीस, सत्तेचाळीस. त्या वयाला अपेक्षित २.८०. म्हणजे ७७ टक्के. वय वाढवून लिहिलं की अपेक्षा घटते, आणि खचलेली छाती कागदावर बरी दिसते. बाकावर बसलेल्या निम्म्या लोकांची वयं जॉबरनंच लिहिली होती.

मिलचे डॉक्टर तक्ता न्यायला आले तेव्हा त्यानं सांगून पाहिलं. “साहेब, याचं खरं वय सत्तेचाळीस. पण वय सोडा. २.१५ भागिले ३.३०, पासष्ट टक्के. सत्तरच्या खाली आहे. एकूण हवा ठीक, सुटताना अडते. हा अडथळाच.”

“मलाही कळतं, नबीसाब. लिहा अडथळा. बिडी ओढत असेल.”

“बिडीला हात लावला न्हाई म्या,” रुद्रप्पा म्हणाला.

“नसशील. पण मिल अडथळ्याचा रकाना वाचत नाही. ती ऐंशी बघते.” डॉक्टर खुर्चीत बसले. तेही थकलेले होते. “आणि सत्तेचाळीस लिहिलं तर भरतीला खोटं वय दिलंस असं होईल. चौकशी लागेल. बोल, काय लिहू?”

“तुमच्याच जॉबरनं लिवलं की साहेब.”

“जॉबर मेला. सही तुझ्या अंगठ्याची आहे.”

रुद्रप्पा बराच वेळ खोकला. नबीसाबनं पाणी दिलं.

“लिवा सत्तेचाळीस,” तो म्हणाला. “तितं परत जाऊन मरायचं न्हाई मला.”

नबीसाबनं जुनी ओळ खोडली, खाली नवी लिहिली: वय ४७, एकूण ८९, पहिला सेकंद ७७, प्रकार अडथळा. अंगठा घेतला.

आठवड्यात मिलचा हुकूम आला. चौकशी होईपर्यंत रुद्रप्पा बिनपगारी घरी. कार्डिंगच्या बाहेर तेवढा निघाला.

पुढच्या सोमवारी कार्डिंगवाले आले. नबीसाबनं एकेकाला वय विचारलं. प्रत्येकानं कार्डावरचंच सांगितलं.