बायकोच्या डोळ्यातलं मांस

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं बायकोला आणि उत्तर दिलं नवऱ्याने, घरी चालतं तसंच. "नाकाकडच्या कोपऱ्यातून हिच्या डोळ्याच्या पांढऱ्या भागावर पिवळट मांस सरकलंय. भाजीच्या गाडीवर गिऱ्हाइकं बिचकतात. कापून टाका, त्यात काय एवढं."

आला मोठा शहाणा, बायको मनात म्हणाली.

बाईंनी यंत्रातून नीट पाहिलं. "बुबुळापर्यंत पोचलेलं नाही, नजर साफ आहे. कापायची गरज नाही. उगाच कापलं तर पुन्हा जोमाने वाढू शकतं. थेंब घाला, उन्हाधुळीत गॉगल लावा." मग त्यांनी नवऱ्याकडे निरखून पाहिलं. "आता तुम्ही बसा."

त्याच्या डोळ्यातलं मांस तर बुबुळावर चढून थेट बाहुलीच्या काठाशी आलं होतं. त्याला वेडंवाकडं दिसायचं ते त्यामुळेच, आणि तो वर्षभर चष्मेवाल्याच्या नावाने खडे फोडत होता. रोज आरशासमोर मिशी कातरणाऱ्या या माणसाला चार बोटं वर बघायची कधी फुरसत झाली नव्हती.

"तुमचं मात्र काढावं लागेल," बाई म्हणाल्या.

नवऱ्याने डोकं यंत्रापासून मागे घेतलं. "थेंबांनी नाही का जाणार?"

बायकोने पहिल्यांदाच तोंड उघडलं. "कापून टाका, बाई. त्यात काय एवढं."