तिसरी शिफारस, पान चौदा

यशोधनच्या जाहिरात-सल्ल्याच्या ऑफिसात अहवाल उलटा लिहिला जाई. आधी शिफारशी ठरत, मग त्यांना शोभतील असे निष्कर्ष, आणि वेळ उरलाच तर पुरावा. गिऱ्हाईक काय ऐकायला आलंय हे यशोधनला त्याच्या खुर्चीत बसण्यावरून कळे, आणि तेलीबांध्याला तलावासमोरचं ऑफिस त्याने या एका गुणावर थाटलं होतं. गुण लहान नव्हता.

अनुश्रीला तिथे सहा महिने पुरे होत होते. त्या शुक्रवारी तिला कायम करायचं की नमस्कार करायचा, हे ठरायचं होतं. तिचे बाबा रामकृष्ण रेल्वेतले. पोरगी कायम झाली असं ते दोन महिन्यांपूर्वीच सगळ्या क्वार्टर्समध्ये सांगून आले होते, कारण तिनेच तसं सांगितलं होतं. तेव्हा शुक्रवारी नुसती नोकरी जाणार नव्हती, बाबांचा शब्दही जाणार होता.

अहवाल होता दत्तोपंतांच्या पोह्याच्या गिरणीचा. गिरणी बीरगांवला, ऑफिस समता कॉलोनीत. झटपट पोह्यांचा कप त्यांनी बाजारात आणला आणि तो खपेना. काहून खपेना आणि पुढे काय करावं, एवढंच यशोधनच्या माणसांना शोधायचं होतं. शेवटचा भाग, म्हणजे निष्कर्ष आणि शिफारशी, अनुश्रीकडे आला. त्यातली दुसरी शिफारस यशोधनने स्वतःच लिहून ठेवली होती, आणि तिसरी उभ्याउभ्याच सांगितली.

"शहरात वर्षभर वीस होर्डिंग. लिही. लावायचं काम आपल्यालाच मिळन."

"पुराव्याचं पान कोणतं टाकू, सर?"

"टाक कोणतंही. इतनी बारीकी में कोई नहीं जाता."

तिने चौदा टाकलं. चौदाव्या पानावर होर्डिंगचा तक्ता होता, आकडे वाढलेले दिसत होते, आणि तिला घरी जायचं होतं.

शुक्रवारी सकाळी, अहवालाला स्पायरल लागून आल्यावर, तिने तो तक्ता पहिल्यांदा नीट वाचला. तेलीबांध्यात होर्डिंग लागली, दुकानामागे आठवड्याचा खप दहा कपांवरून चौदावर गेला. खालच्या ओळीत समता कॉलोनी. तिथे एकही होर्डिंग नव्हतं. खप दहावरून चौदावर. त्याच आठवड्यांत गिरणीने शहरभर दोनावर एक फुकटची योजना चालवली होती. तीही अहवालात होती, पान सहावर.

ती उठून यशोधनकडे गेली.

"सर, चौदाव्या पानावरून होर्डिंगचा फायदा दिसत नाही. जिथे नव्हते तिथेही तेवढंच वाढलं."

यशोधनने मोबाइलमधून डोकं वर काढलं नाही. "चार वाजता मीटिंग आहे अन् तू आता सांगून राहिली? कुठल्या पानावर काय आहे ते त्यांना सांगू नको म्हणजे झालं. आणि अनुश्री, तुझा कायम करायचा कागद मी संध्याकाळी पाहणार आहे."

एवढंच. आवाज गोड होता. यशोधनचा आवाज अशा वेळीच गोड होई.

चारला दहा कमी असताना ते समता कॉलोनीत पोचले. बाहेरच्या खोलीत कुसुमबाई बसल्या होत्या. गिरणीचं सगळं ऑफिस त्याच चालवत. त्यांनी अहवालाची जाडी बघितली आणि अनुश्रीला हळूच म्हणाल्या, "पोरी, साहेब शेवटून वाचतेत बरं. मागच्या साली एका पार्टीले अर्ध्या पानावरून चहा न देता परत पाठवलं."

यशोधन हसला, पण त्याने कमरेचा पट्टा वर सारला, आणि तो घाबरला की पट्टा वर सारतो हे तिने सहा महिन्यांत टिपून ठेवलेलं होतं.

दत्तोपंत सत्तरीचे, अंगाने काडी. त्यांनी खरंच अहवाल उलटा धरून शेवटचं पान काढलं. बोट पहिल्या शिफारशीवर ठेवलं: दुकानात चाखण्याचे स्टॉल वाढवा, पुरावा पान अकरा. पान अकरा काढलं. स्टॉलच्या बारा दुकानांत खप नऊवरून एकवीस, तसल्याच दुसऱ्या बारा दुकानांत स्टॉल नसताना नऊवरून दहा, स्टॉल उठल्यावर महिन्याने पंधरा. त्यांनी मान डोलावली. दुसरी शिफारस, पान आठ. तेही काढलं, पण मान डोलावली नाही. पंखा फिरत होता आणि अनुश्री त्यांच्या बोटाकडे बघत होती, साप सरकताना बघावं तशी.

बोट तिसरीवर आलं. चौदावं पान निघालं. ते वरची ओळ वाचून थांबले नाहीत, खालचीही वाचली. मग पुन्हा वरची.

"हे कोणी लिहिलं?"

यशोधन म्हणाला, "टीमने, दत्तोपंतजी. ओव्हरऑल बघा, ब्रँड तो दिखेगा—"

"मी तुले नाही विचारलं, भैया. लिहिलं कोणी?"

"मी, काका," अनुश्री म्हणाली.

"मग मले सांग. या पानावरून वीस होर्डिंग कसे आले?"

यशोधनने टेबलाखाली पाय हलवला, तो तिच्या चपलेला लागला. मुद्दाम लागला की चुकून, हे तिला कळलं नाही. संध्याकाळचा कागद, बाबा, क्वार्टर्स, सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं.

"नाही येत," ती म्हणाली. "पान चौदा आणि पान सहा एकत्र वाचलं तर एवढंच म्हणता येतं की होर्डिंगने खप वाढला असं दिसत नाही. वाढ योजनेचीही असू शकते. होर्डिंग वाईट आहेत असंही म्हणता येत नाही, कारण योजना नसताना आपण ते लावूनच पाहिले नाहीत. हा निष्कर्ष. शिफारस मी त्याच्या पुढे उडी मारून लिहिली."

"मग आता काय लिहिशील?"

"वीस नाही, चार. बीरगांवला, योजना बंद असताना, सहा आठवडे. तसल्याच दुसऱ्या वस्तीत एकही नाही. दोन्हींतला फरक दुकानामागे तीन कपांच्या वर गेला तरच पुढचे लावायचे, नाही तर तो खर्च स्टॉलकडे. आणि तीनचा आकडा आजच ठरवायचा, नंतर नाही. मोजणार कुसुमबाई, आम्ही नाही."

"तुम्ही काहून नाही?"

"होर्डिंगचं काम आम्हालाच हवं आहे, काका."

यशोधनने डोळे मिटले.

दत्तोपंतांनी चौदावं पान मिटून पुन्हा शेवटचं काढलं. मग म्हणाले, "सोमवारी ही तिसरी शिफारस बदलून आण. हिच्याच हातची. अन् पोरीले बरोबर घेऊन ये, यशोधन, एकटा येऊ नको."

चहा आला.

परतताना गाडी यशोधन चालवत होता. ती दार घट्ट धरून बसली होती. इथेच उतर म्हणाला, तर बाबांना काय सांगायचं, याची वाक्यं ती जुळवत होती. तलावाच्या वळणावर त्याने गाडी बाजूला घेतली आणि बंद केली.

"कागद ड्रॉवरमध्ये आहे, सही करून देतो," तो म्हणाला. "न देऊन जातो कुठे, त्यांनी तुलेच मागितलं." आणि मग, खिडकीबाहेर बघत, अगदी हळू: "दुसरी शिफारस मी लिहिली होती. पान आठवर काय आहे, तू वाचलं का?"

"नाही, सर. तुम्ही?"

त्याने पट्टा वर सारला आणि मागच्या सीटवरून अहवालाची दुसरी प्रत ओढली. दोघांनी आठवं पान काढलं आणि या वेळी खालच्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली.